टीव्ही, डबा आणि स्टिक



पहिल्यांदा टीव्ही घ्यायला निघालेल्या माणसासमोर आज दुकानात तीन वस्तू मांडल्या जातात. त्या म्हणजे स्मार्ट टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि टीव्हीच्या मागे खोचायची बोटभर लांबीची स्ट्रीमिंग स्टिक. त्या अशा मांडल्या जातात, की तिन्ही एकाच कामाच्या आहेत आणि त्यांतली एक निवडली की दुसरीची गरज उरत नाही, असा त्याचा समज व्हावा. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा समज आहे. या वस्तू एकमेकींच्या बदली वापरायच्या नाहीत, कारण त्यांची कामे वेगळी आहेत, आणि ती कामे नीट कळली, तर "कोणती घ्यावी?" या प्रश्नाआधी "घरापर्यंत काय पोहोचते?" हा प्रश्न विचारावा लागतो, हेही लक्षात येते. घरापर्यंत केबलची वायर पोहोचते का? डिश लावायला मोकळे आकाश आहे का? इंटरनेट आहे का, आणि असल्यास ते फायबरचे आहे की केवळ मोबाइलचे? खरेदीचा निर्णय या उत्तरांवर ठरतो, आणि दुकानदार नेमके हेच प्रश्न क्वचित विचारतो.

कोणतेही चित्र पडद्यावर दिसण्यापूर्वी तीन कामे व्हावी लागतात. बाहेरून आलेला संदेश पकडावा लागतो, तो सांकेतिक आणि बहुधा कुलूपबंद असल्यामुळे उघडून उलगडावा लागतो, आणि मग उलगडलेले चित्र पडद्यावर दाखवावे लागते. दाखवण्याचे काम टीव्हीचे. पकडण्याचे आणि उलगडण्याचे काम मात्र संदेश कोणत्या वाटेने येतो यावर अवलंबून असते. तो आकाशातून किंवा केबलच्या वायरीतून आला तर ते काम सेट-टॉप बॉक्स करतो. तो इंटरनेटवरून आला तर ते काम एक छोटा संगणक करतो. हा संगणक टीव्हीच्या पोटात बसवलेला असला की त्या टीव्हीला स्मार्ट टीव्ही म्हणतात, आणि तोच बाहेर, वेगळा, बदलता येईल असा असला की त्याला स्ट्रीमिंग स्टिक म्हणतात. स्मार्ट टीव्ही आणि स्टिक ही एकाच कामाची दोन रूपे आहेत आणि सेट-टॉप बॉक्सचे काम निराळे आहे, एवढा एक भेद ध्यानात राहिला तरी निम्मा गोंधळ मिटतो.

प्रथम सेट-टॉप बॉक्सचा विचार करावा, कारण आपल्या धारगळ-पेडणे परिसरातील बहुतेक घरांत तो आधीपासून आहे, आणि तो का आहे हे मात्र फारसे कोणी सांगितलेले नाही. एके काळी केबलवाल्याची वायर थेट टीव्हीच्या मागे लागत असे आणि मध्ये कोणताही डबा नसे. केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि देशभर केबलचे प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने डिजिटल करण्याचे ठरले. महानगरांचा पहिला टप्पा २०१२ मध्ये सुरू झाला आणि खेड्यापाड्यांचा चौथा टप्पा संपवण्याची मुदत ३१ मार्च २०१७ होती. डिजिटल संदेश कुलूपबंद पाठवला जातो. पैसे भरलेल्या ग्राहकाच्या डब्यालाच त्याची किल्ली मिळते. म्हणूनच रिचार्ज संपला की वायर जागेवर असूनही वाहिनी बंद होते, आणि म्हणूनच एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या डिशला लावून चालत नाही. शेजाऱ्याचा जुना डबा फुकट मिळाला म्हणून आनंद मानणाऱ्या ग्राहकाने आधी तो कोणत्या कंपनीचा आहे, हे पाहावे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशचा. तिला महिन्याचे भाडे नाही. डिश आणि डबा एकदा विकत घेतला की पुढे रिचार्ज करावा लागत नाही. त्यावर डीडी सह्याद्री दिसते, दूरदर्शनच्या इतर वाहिन्या आणि काही खाजगी वाहिन्याही दिसतात. परंतु स्टार प्रवाह किंवा झी मराठी यांसारख्या पैसे भरून पाहायच्या वाहिन्या त्यावर मिळत नाहीत. संध्याकाळच्या मालिकांसाठीच टीव्ही घेणाऱ्या घराला फ्री डिश पुरेशी वाटणार नाही. बातम्या आणि जुने चित्रपट एवढ्यावर भागणाऱ्या घराला ती पुरेल.

डिशच्या बाबतीत पेडणे तालुक्याचे स्वतःचे असे प्रश्न आहेत, आणि त्यांकडे थोडे सावकाश पाहायला हवे. ज्या उपग्रहांवरून घरोघरी प्रक्षेपण येते ते विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्याच वेगाने फिरत असल्यामुळे जमिनीवरून एका जागी स्थिर दिसतात. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. धारगळहून पाहिले तर तो आग्नेयेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. खाजगी कंपन्यांचे उपग्रहही थोड्याफार फरकाने पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्याच बाजूला आहेत. याचा अर्थ असा, की घराच्या आग्नेय बाजूला उंच माड, फणस किंवा आंब्याचे झाड असेल आणि त्याचा शेंडा डिशच्या नजरेच्या रेषेत येत असेल, तर डिश कितीही महाग असली तरी तिचा उपयोग नाही. आज मोकळी असलेली रेषा पाच वर्षांनी वाढलेल्या झाडामुळे बंद होऊ शकते. त्यामुळे वर्षानुवर्षे नीट चालणाऱ्या डिशवर हळूहळू एकेक वाहिनी तुटक दिसू लागली, तर डब्याला दोष देण्यापूर्वी झाडाकडे पाहावे.

दुसरा प्रश्न पावसाचा. डिशवर येणाऱ्या लहरी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात, आणि एवढ्या आखूड लहरी जोरदार सरीतून येताना पाण्याचे थेंब त्यांची शक्ती शोषतात आणि विखुरतात. म्हणून आषाढातल्या मुसळधार सरीत चित्राचे चौकोन होतात, मग ते थिजते आणि सर ओसरली की आपोआप परत येते. हा बिघाड नव्हे. रिमझिम पावसातही चित्र जात असेल तर मात्र डिश थोडी हललेली असते किंवा वायरीच्या जोडात पाणी शिरलेले असते, आणि तेव्हा कारागिराला बोलावणे योग्य ठरते. केबलच्या वायरीला पावसाचा असा त्रास थेट होत नाही. पण वाटेवर कुठे फांदी पडून वायर तुटली, तर सगळ्या वाड्याचा टीव्ही एकदम बंद होतो. स्थानिक बातम्यांची वाहिनी हवी असेल तर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: केबलवर दिसणारी गोव्याची वाहिनी डिशवर असेलच असे नाही.

आता स्मार्ट टीव्हीकडे वळू. तो म्हणजे पडदा आणि संगणक यांची एका पेटीत बांधलेली जोडी. त्याला घरातील वाय-फाय जोडले की यूट्यूब, झी५, जिओहॉटस्टार, सोनी लिव्ह यांसारखी ॲप्स रिमोटने उघडता येतात. ॲप म्हणजे त्या त्या सेवेचा कार्यक्रम उघडणारी प्रणाली. इथे ग्राहकाची सर्वांत मोठी चूक होते. स्मार्ट टीव्ही घेतला म्हणजे आता सगळ्या वाहिन्या त्यातच आल्या, असे त्याला वाटते. तसे होत नाही. टीव्ही घरी आणून वीज दिली आणि त्याला ना डबा जोडला ना इंटरनेट, तर वाहिन्या त्यावर दिसणार नाहीत. काही नव्या टीव्हींमध्ये उपग्रहाचा संदेश थेट पकडणारा भाग बसवलेला असतो आणि त्याला डिशची वायर जोडून फ्री डिशच्या खुल्या वाहिन्या डब्याशिवाय पाहता येतात. पण पैसे भरून पाहायच्या कुलूपबंद वाहिन्यांसाठी कंपनीचा डबा तिथेही लागतो. इंटरनेटवर वाहिन्यांच्या मालिका मिळतात हे खरे. मात्र स्टार प्रवाहची मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीची झी५वर आणि सोनी मराठीची सोनी लिव्हवर असल्यामुळे डब्यावर एका रिचार्जमध्ये मिळणाऱ्या तीन वाहिन्यांसाठी तीन वेगळी सभासदत्वे सांभाळावी लागतात. डबा काढून टाकल्यावर खर्च कमी होईलच का? घरात काय पाहिले जाते याची यादी केल्याशिवाय हे सांगता येत नाही.

स्मार्ट टीव्हीचा खरा कमकुवत भाग म्हणजे त्यातील दोन गोष्टींचे आयुष्य सारखे नसते. चांगला पडदा दहा वर्षेही टिकतो. पोटातला संगणक मात्र चार-पाच वर्षांत थकतो. तो बंद पडतो म्हणून नव्हे, तर ॲप्स दरवर्षी जड होत जातात आणि कंपन्या जुन्या यंत्रांसाठी नवी आवृत्ती देणे थांबवतात म्हणून. डिसेंबर २०१९ पासून सॅमसंगच्या काही जुन्या स्मार्ट टीव्हींवर नेटफ्लिक्सचे ॲप चालेनासे झाले. त्या टीव्हींचे पडदे धडधाकट होते. म्हणून स्वस्त टीव्ही घेताना ग्राहकाने पडद्याइतकाच त्याच्या आतल्या प्रणालीचा विचार करावा. खोक्यावर गूगल टीव्ही, वेबओएस, टायझन अशा टीव्हीसाठीच बनवलेल्या प्रणालीचे नाव आहे का, की नुसते "स्मार्ट" किंवा "अँड्रॉइड" एवढेच लिहिले आहे? नुसत्या अँड्रॉइडच्या अनेक स्वस्त टीव्हींत फोनसाठी केलेली प्रणाली टीव्हीवर चढवलेली असते. त्यावर ॲप उघडते, पण पैसे भरलेल्या सेवेला यंत्र ओळखीचे नसल्यामुळे ती चित्र हलक्या दर्जाचे पाठवते, आणि ग्राहक बिचारा पडदा खराब आहे असे समजतो. दुकानातच टीव्ही वाय-फायला जोडून, आपल्याला हवे असलेले ॲप रिमोटने उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. दुकानदार नाही म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे.

स्ट्रीमिंग स्टिक म्हणजे हाच थकणारा संगणक पडद्यापासून वेगळा काढलेला. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ मध्ये आली आणि त्यानंतर शाओमीसारख्या इतर कंपन्यांच्याही आल्या. स्टिक टीव्हीच्या मागील एचडीएमआय खाचेत खोचली जाते. एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीने नेणारी चपटी, दोन कोपरे कापलेली खाच. साधा, पोटात संगणक नसलेला टीव्हीही स्टिक लावली की स्मार्ट होतो, आणि म्हाताऱ्या झालेल्या स्मार्ट टीव्हीला नवे आयुष्य मिळते. पुढे स्टिक थकली तर काही हजार रुपयांत ती बदलता येते, आणि पडदा भिंतीवरच राहतो. मात्र मागे पिवळी, पांढरी आणि लाल अशी गोल छिद्रेच असलेल्या जुन्या ठोकळ्या टीव्हीला ती थेट लागत नाही. त्या टीव्हीसाठी जोडणीचा वेगळा डबा शोधत बसण्यापेक्षा नवा टीव्ही घेणे शहाणपणाचे ठरते.

स्टिकच्या बाबतीत दोन बिघाड वारंवार होतात आणि दोन्ही वेळा दोष स्टिकचा नसतो. पहिला विजेचा. स्टिकला स्वतःची वीज लागते, आणि सोबत येणारा ॲडॅप्टर साधारण ५ व्होल्टला १ अँपिअर, म्हणजे ५ वॅट देतो. पुष्कळ घरांत तो ॲडॅप्टर खोक्यातच राहतो आणि वायर टीव्हीच्याच यूएसबी खाचेत लावली जाते, जिथून बहुधा अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॅटच मिळतात. परिणाम असा, की कार्यक्रम ऐन रंगात आला की स्टिक बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि कंपनीचे बोधचिन्ह परत परत दिसू लागते. ॲडॅप्टर भिंतीच्या प्लगमध्ये लावून पाहावा. बहुतेकदा दुरुस्ती तेवढीच असते.

दुसरा बिघाड वाय-फायचा. आपल्याकडची जुनी घरे चिऱ्याची, भिंती जाड, आणि राउटर बहुधा पुढच्या सोप्यात. त्यात स्टिक बसते टीव्हीच्या पाठीमागे, धातूच्या पत्र्याला चिकटून, भिंतीच्या आणि पडद्याच्या मध्ये दडलेली. मग लहरी तिच्यापर्यंत कमकुवत पोहोचतात. स्टिकच्या खोक्यात एचडीएमआयची एक वीतभर जोडवायर अनेकदा दिलेली असते. ती लावून स्टिक पत्र्यापासून बाजूला आणली की फरक पडतो. राउटर दोन पट्ट्यांवर चालत असेल तर जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ गिगाहर्ट्झची पट्टी अधिक पोहोचते. वेग तिचा कमी असतो, पण टीव्हीसाठी तो सहसा पुरतो.

आता हे सगळे एका घराच्या हिशेबाने तपासून पाहावे. धारगळातले एक घर समजू, ज्यात एचडीएमआयच्या दोन खाचांचा ३२ इंची साधा टीव्ही आहे आणि डिशच्या डब्यावर मराठी मालिका व बातम्या पाहिल्या जातात. पेडण्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात दशावताराची आवड मोठी. जत्रा चुकली की तो प्रयोग पुढे यूट्यूबवर पाहावा अशी घरातल्या वडीलधाऱ्यांची इच्छा. डब्यावर ते शक्य नाही, कारण यूट्यूब इंटरनेटवरच असते. अशा घराने नवा स्मार्ट टीव्ही घ्यावा का?

पडदा ठीक आहे, डबा मालिकांचे काम चोख करतो आहे, तर उणीव फक्त इंटरनेटच्या संगणकाची आहे. ती स्टिकने भरून निघते. एका खाचेत डबा, दुसऱ्या खाचेत स्टिक आणि रिमोटवरच्या इनपुटच्या कळीने एकीकडून दुसरीकडे जायचे. पण खरा खर्च पुढे आहे. इंटरनेट कुठून येणार? फोनचा हॉटस्पॉट करून, म्हणजे फोनचे नेट वाय-फायसारखे इतरांना वाटून, टीव्ही चालवायचा असे घरातली मुले सुचवतात. साध्या दर्जाच्या चित्राला तासाला साधारण १ जीबी लागते आणि एचडी चित्राला ३ जीबीपर्यंत. रोज २ जीबी मिळणाऱ्या फोनवर एचडी दर्जाचे चित्र जेमतेम चाळीस मिनिटे चालेल आणि साधे चित्र दोन तास. दशावताराचा प्रयोग रात्रभर चालणारा. त्याचे तीन तासांचे चित्रण असले तरी ते एका दिवसाच्या नेटमध्ये संपणार नाही, आणि ज्याचा फोन तो कामाला बाहेर गेला की टीव्हीचे नेटही त्याच्याबरोबर जाणार.

म्हणजे या घरापुढचा निर्णय फायबरच्या जोडणीचा आहे. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यातून येणारे इंटरनेट. त्याची वायर आपल्या वाड्यापर्यंत आली आहे का, हे शेजारी विचारून कळते. पूर्ण एचडी चित्राला सेकंदाला ५ मेगाबिटचा वेग पुरतो, आणि फायबरच्या साध्या जोडणीचा वेग त्याहून कितीतरी अधिक असतो. तेव्हा वेगापेक्षा चौकशी करावी ती जोडणी तुटल्यावर माणूस किती दिवसांत येतो याची. वीज गेली की घरातला राउटरही बंद पडतो, हेही लक्षात असावे. फायबर मिळत नसेल, तर या घराने डब्यावरच समाधान मानावे. स्टिक आणि स्मार्ट टीव्ही दोन्ही तिथे शोभेच्या वस्तू ठरतील.

घरात टीव्हीच नसेल आणि फायबर असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा वर सांगितलेली प्रणाली तपासून स्मार्ट टीव्ही घेणे सोयीचे. एकच रिमोट, एकच प्लग. त्यातही खाचा मोजून घ्याव्यात: आज डबा, उद्या स्टिक, म्हणून एचडीएमआयच्या किमान दोन खाचा हव्यात. ३२ इंची साध्या एचडी पडद्यासाठी फोर-केची स्टिक घेण्याने चित्र अधिक बारीक दिसत नाही, कारण पडद्यावर तेवढे ठिपकेच नसतात.

एका गोंधळाचा उल्लेख राहतो. इंटरनेट देणाऱ्या काही कंपन्या फायबरबरोबर जो डबा देतात त्यालाही सेट-टॉप बॉक्सच म्हणतात, पण त्याला ना डिश लागते ना केबल. वाहिन्याही तो इंटरनेटवरूनच आणतो. नावाने तो डबा असला तरी कामाने तो स्टिकचा भाऊ आहे. काही डिश कंपन्यांचे डबे तर दोन्ही कामे करतात. म्हणून डबा विकत घेताना एकच प्रश्न विचारावा: इंटरनेट बंद पडले तर यावर वाहिनी दिसेल का? डब्याची मागची बाजूही उत्तर देते. डिशची किंवा केबलची गोल, आटे असलेली वायर लावायची जागा तिथे नसेल, तर तो डबा पूर्णपणे इंटरनेटवर जगणारा आहे.

बिघाड झाल्यावरही हाच भेद उपयोगी पडतो. पडद्यावर टीव्हीचाच No Signal असा संदेश दिसला तर डबा किंवा स्टिक बंद आहे, वायर निसटली आहे, किंवा रिमोटने चुकीची खाच निवडली गेली आहे. डिश आणि इंटरनेट यांचा तिथे संबंध नाही. डब्याचा स्वतःचा संदेश दिसत असेल, तर डबा जिवंत आहे आणि दोष डिशचा, वायरीचा किंवा रिचार्जचा आहे. स्टिकवर ॲप्सची रांग दिसते पण कार्यक्रम गोल गोल फिरत राहतो, तेव्हा दोष नेटमध्ये आहे, आणि त्याच वाय-फायवर फोन जोडून पाहिला की क्षणात खात्री होते.

शेवटची सूचना वैशाखातल्या आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटाची. वीज चमकू लागली की बहुतेक घरांत टीव्हीचा प्लग काढतात. पण छपरावरच्या डिशची वायर डब्याला, डबा एचडीएमआयने टीव्हीला आणि स्टिकही त्याच टीव्हीला जोडलेली असते, त्यामुळे छपरावरून आलेला झटका प्लग काढलेल्या टीव्हीपर्यंतही पोहोचू शकतो. म्हणून गडगडाट जवळ येण्यापूर्वीच प्लगबरोबर डब्यामागची डिशची वायरही सोडवून ठेवावी, आणि राउटर तांब्याच्या वायरीने जोडलेला असेल तर तीही.